ताट कितीला पडलं?

बाभुळगावात कुणाकडे साक्षगंध ठरलं की मुलीच्या घरी आचारी येतो. यादी सांगायला बसण्याआधी त्याचा एकच प्रश्न असतो, "मानसं किती जेवतीन, थे सांगा. बाकीचं मंग पाहू." घरच्यांना तेव्हा तेलाच्या आणि वांग्याच्या भावाची काळजी असते. माझं मत आचाऱ्याच्या बाजूने आहे. घरी रांधलेल्या जेवणाचं एक ताट कितीला पडतं, हे किराण्याच्या भावापेक्षा जेवणाऱ्यांच्या आकड्यावर जास्त ठरतं. इथे शंभर माणसांच्या साक्षगंधाचा हिशेब मांडतो, म्हणजे हे कसं घडतं ते दिसेल. भाव मी सोपे पडावेत म्हणून गोल धरले आहेत. तुम्ही त्यांच्या जागी तुमच्या बाजाराच्या दिवसाचे घाला. मापं मात्र शंभर जणांच्या साध्या जेवणाची नेहमीची आहेत.

जेवण आपल्याकडचं ठरलेलं: पोळी, वांगे-आलूची भाजी, वरण, भात, वर तूप, गोड म्हणून बुंदी, मठ्ठा, कांदा-काकडी आणि लोणचं.

भातापासून सुरुवात करू. पोळी असेल तर माणशी ९० ग्रॅम तांदूळ पुरतो. शंभर जणांना ९ किलो. तांदूळ शिजून जवळजवळ तिप्पट होतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पावशेराहून थोडा जास्त भात येतो. बाभुळगावच्या शिवारात कापूस, तूर आणि सोयाबीन. तांदूळ येतो भंडारा-गोंदियाकडून, त्यामुळे तो सगळ्यांनाच विकत घ्यावा लागतो आणि त्याची किंमत कुणी विसरत नाही. ५० रुपये किलोने ४५० झाले. कणीक १० किलो. एका किलोत मध्यम आकाराच्या तीसेक पोळ्या होतात, म्हणजे एकूण तीनशे आणि माणशी तीन. कुणी दोन खाईल, कुणी पाच, सरासरी तिनावर येते. गहू बेंबळ्याच्या पाण्यावर घरीच पिकला असला तरी दळाईसकट ४० रुपये किलो धरा. ४०० रुपये.

वरणाला तूर डाळ ४ किलो. चार किलो डाळीचं पळीला बरं लागेल असं वीस लिटर वरण होतं, माणशी दोन पळ्या. आता इथे बहुतेक घरांचा हिशेब चुकतो. डाळ घरची असते, म्हणून यादीत तिच्यापुढे शून्य लिहितात. पण घरची तूर फुकट नसते. ती विकली असती तर पैसे आलेच असते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे, म्हणजे किलोला ८०. तुरीची डाळ करताना टरफल, चुरी आणि चुनी निघून जाते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काढलेल्या मिनी दाल मिलसारख्या छोट्या यंत्रावरही किलोला पाऊण किलोच्या आत-बाहेरच डाळ हाती लागते. आपण ७० टक्के धरू. मग चार किलो डाळीला पावणेसहा किलोच्या जवळपास तूर लागते. तिचे झाले सुमारे ४५७ रुपये, वर भरडाईचे चाळीसेक. घरच्या डाळीचे ५०० रुपये लिहा. तुमच्याकडे तुरीला बाजारात हमीभावापेक्षा कमी किंवा जास्त मिळत असेल तर तो आकडा घ्या, पण शून्य लिहू नका. तसं केलं तर पुढच्या वर्षी डाळ विकत आणावी लागेल तेव्हा ताट अचानक महाग झाल्यासारखं वाटेल. प्रत्यक्षात ते आधीपासूनच त्याच किमतीचं होतं.

आता भाजी. वांगे ८ किलो आणि आलू ५ किलो, दोन्ही ३० रुपयांनी. वांग्यात पोखरणारी अळी असते, म्हणून चिरताना आठातला किलोभर बाजूला पडतो. घेताना देठाजवळ आणि सालीवर बारीक छिद्रं दिसली तर ती वांगी स्वस्त मिळाली तरी महागच पडतात. तीस रुपयांचं वांगं असं चिरून झाल्यावर चौतीस रुपयांचं होतं. वांग्याचे २४० आणि आलूचे १५० झाले. भाजीतले कांदे-टमाटर १५० चे. सांबार, लसूण, आलं, मिरची यांचे २०० धरा. मग वाटणाला एक किलो शेंगदाणे आणि अर्धा किलो सुकं खोबरं, ३२० रुपये. दीड लिटर तेल, २२५ रुपये. तिखट, गरम मसाला, हळद, मीठ, जिरं-मोहरी यांतले २०० या भाजीवर जातात. सगळी बेरीज १,४८५. ताटाला जवळजवळ १५ रुपये, आणि त्यात वांग्याचे फक्त अडीच. बाजारात वांग्याच्या भावावरून घासाघीस करतात आणि खोबऱ्याचा पुडा न विचारता घेतात, पण या भाजीत खरी किंमत वाटणाची आणि तेलाची आहे. वांगे दुप्पट भावाने, साठ रुपयांनी घ्यावे लागले तरी ताट अडीच रुपयांनीच वाढतं.

बुंदीला अडीच किलो बेसन, साडेचार किलो साखर. यातून आठेक किलो बुंदी होते, माणशी वाटीभर. बेसन १०० रुपयांनी २५० चं, साखर ४४ ने जवळपास २०० ची. राहिलं तेल, आणि तिथे नीट पाहावं लागतं. कढईत चार-पाच लिटर तेल ओतलं जातं, पण बुंदी सव्वा लिटरच्या आसपासच पिते. उरलेलं तेल संपलेलं नसतं. म्हणून आचारी आधी बुंदी काढतो आणि त्याच तेलात पुढे वांग्याच्या भाजीची फोडणी देतो. हिशेबात प्यालेलं तेल धरायचं, ओतलेलं नाही. पाच लिटर सगळं बुंदीच्या नावावर लिहिलं तर १५० च्या भावाने ती पावणेसहाशे रुपयांनी खोटी महाग दिसते. बुंदी आली ताटाला साडेसहा रुपयांत. गोड वाढलं की खर्च फार वाढतो असं म्हणतात, पण या बुंदीच्या बाबतीत तसं नाही. महाग पडतं ते दूध-खव्याचं गोड.

तेल घेताना एक गोष्ट जरूर बघा. एक लिटर खाद्यतेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम असतं. दुकानात १५ किलोचा डबा असतो आणि १५ लिटरचाही. दिसायला सारखेच, पण १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या वर थोडंसंच तेल असतं. पाऊचवरही कधी लिटर लिहिलेलं असतं, कधी ८००-८५० ग्रॅम. दोन दुकानांचे भाव लावून पाहायचे तर दोन्ही किलोवर आणून पाहा.

बाकीचं पटापट. वरणाच्या फोडणीचं आणि पोळीचं तेल धरून एकूण तेल साडेतीन लिटर, ५२५ रुपये. मठ्ठ्याला पाच किलो दही, ४०० रुपये. त्यात पाणी पडून पंधरा लिटर मठ्ठा होतो. तूप अर्धा किलो, म्हणजे माणशी पाच ग्रॅम, ३२५ रुपये. कांदा-काकडीचे दीडशे, लोणच्याचे १५०, वरणाची फोडणी आणि बुंदीतली वेलची मिळून आणखी १५०. मठ्ठ्यात टाकायच्या साखरेचे वीस. किराणा आणि भाजीपाला मिळून बेरीज ४,७८० च्या घरात जाते. शंभर ताटांना भागलं की ४७ रुपये ८० पैसे.

हा आकडा ऐकून लोक खूश होतात आणि इथेच थांबतात. पण अजून अर्ध्याहून जास्त खर्च मोजायचा आहे.

शंभर माणसांसाठी पत्रावळ, द्रोण आणि पेला यांचे ११५ संच घ्यावे लागतात, कारण काही फाटतात आणि काही ऐनवेळी कमी पडतात. पाच रुपयांनी ५७५. प्यायच्या पाण्याचे वीस लिटरचे सहा जार, १८० रुपये. पोळ्या लाटायला चार बाया, प्रत्येकी ३०० म्हणजे १,२००. आचारी आणि त्याचा एक मदतनीस मिळून २,५००. बिछायत केंद्रातून गंज, कढया, परात, सतरंज्या आणल्या, त्यांचा किराया १,२००. सामान आणायचे ३००. जळणाचे ७००. या भागात पऱ्हाटी आणि तुराटी मिळते, पण पऱ्हाटी भडकन पेटते आणि लवकर विझते. पाण्याला आधण यायला ती ठीक, पण वरण-भाताला सलग आच लागते, म्हणून सोबत लाकूड किंवा गॅस येतोच. हे सगळं ६,६५५ रुपये.

दोन्ही मिळून ११,४३५. ताट पडलं ११४ रुपये ३५ पैशांना. किराणा त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

इथे दोन प्रकारचे खर्च वेगळे करायला हवेत. किराणा, पत्रावळी, पाणी आणि पोळ्यांची मजुरी ही जेवणाऱ्यांबरोबर वाढते. माणशी ६७ रुपये ३५ पैसे. आचारी, भांडी, जळण आणि वाहतूक हे ४,७०० रुपये ऐंशी माणसं आली तरी लागतात, एकशे वीस आली तरी तेवढेच. म्हणून पन्नास जणांच्या बारशाला हेच जेवण केलं तर ताट १६१ रुपयांवर जातं, आणि दीडशे जणांना केलं तर ९९ वर उतरतं. दीडशेच्या वर एक कढई पुरत नाही, आचाऱ्याला दुसरा माणूस लागतो आणि बांधीव खर्च एकदम वरच्या पायरीवर जातो. त्यामुळे पाचशेचं ताट शंभराच्या भावावरून काढता येत नाही.

आता बाईमाणसांच्या कष्टाबद्दल. बऱ्याच घरांत आचारी लावतच नाहीत. काकू, मावश्या, शेजारच्या वहिनी सकाळपासून राबतात आणि हिशेबात ताट ७७ रुपयांना पडल्याचं सांगितलं जातं, कारण आचाऱ्याचे आणि पोळ्यांचे मिळून ३,७०० वाचले. ते ७७ रुपये खिशातून गेलेले आहेत, ते काही जेवणाची किंमत नव्हेत. तीनशे पोळ्या लाटायला आणि शेकायला चार बायकांना दोन-अडीच तास धगीसमोर बसावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात, यवतमाळचा पारा चाळीसच्या पुढे असताना, ते काम काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. घरच्यांनी प्रेमाने केलं याचा आनंद आहेच. पण कॅटररच्या दराशी तुलना करताना हे ३,७०० रुपये आपल्या बाजूला घालूनच तुलना करावी, नाहीतर घरचं जेवण नेहमीच स्वस्त दिसेल आणि त्या बायकांची मेहनत कुठेच दिसणार नाही. कॅटररने दीडशे सांगितले तर आधी विचारा, वाढपी, पाणी, पत्रावळी आणि आणण्याचं भाडं त्यात आहे का. असेल तर तो ११४ पेक्षा फार लांब नाही.

आता परत आकड्याकडे. शंभर माणसांचं केलं आणि ऐंशीच आली, तर खर्च जवळजवळ तोच राहतो आणि ताट ११४ वरून १४३ वर जातं. एकोणतीस रुपयांचा फरक. याउलट तेल तीस रुपयांनी महागलं तर ताटाला एक रुपया वाढतो. टमाटर पन्नासने महागले तर दीड रुपया. वांगे दुप्पट झाले तर अडीच. हे तिन्ही भाव एकदम भडकले तरी वीस माणसं कमी येण्याइतका फटका बसत नाही. म्हणून भाव विचारत बाजारभर फिरण्याऐवजी आदल्या दिवशी फोन करून कोण येतंय ते विचारावं. साक्षगंधाला मुलाकडची किती मंडळी येणार हे त्यांनाच शेवटपर्यंत ठरलेलं नसतं, ही या कार्यक्रमाची खरी अडचण. लहान मुलांना अर्धं ताट धरायचं. दूरच्या गावाहून येणारे बहुधा घरातूनच भुकेले निघतात, त्यांच्यासाठी पोळी चारने धरा.

आकडा नक्की कळत नसेल तर अंदाज पक्का करण्याऐवजी काम हप्त्यांत करायचं. अनुभवी आचारी नऊ किलो तांदूळ एकदम चढवत नाही. सहा-सात किलोचं पहिलं पातेलं उतरवतो आणि पहिली पंगत बसल्यावर उरलेल्याचं ठरवतो. कणकेचंही तसंच. आठ किलो मळून ठेवतो, दोन किलो कोरडी राहू देतो. तूर डाळ कोरडी राहिली तर घरात वर्षभर टिकते. वरण कमी पडलं तर दुसऱ्या चुलीवर डाळ चढवून तासाभरात वाढवता येतं. बुंदी आणि वांग्याची भाजी मात्र आधीच तयार करावी लागते, त्यांच्यात हप्ते पडत नाहीत. म्हणून आकडा चुकण्याचा धोका या दोन पदार्थांत असतो, भात-पोळीत नव्हे. भाजी कमी पडली तर वाटण आणि पाणी घालून रस्सा वाढवतात, पण मग तो वरणासारखा पातळ होतो आणि लोकांना लगेच कळतं. जेवण दुपारचं आहे की रात्रीचं याचाही विचार लागतो. उन्हाळ्यात दुपारी उरलेलं वरण आणि मठ्ठा संध्याकाळपर्यंत आंबतो, म्हणजे उरलेलं ताट वाचत नाही, वाया जातं.

जेवणाऱ्यांचा खरा आकडा कसा कळतो? पत्रावळींच्या गठ्ठ्यावरून. सकाळी किती संच आले ते लिहून ठेवायचे आणि शेवटची पंगत उठल्यावर उरलेले मोजायचे. पाहुणे मोजण्यापेक्षा हे सोपं आहे, आणि जास्त विश्वासाचंही. फाटलेले वेगळे ठेवले की काम झालं. समजा ११५ पैकी एकही फाटला नाही आणि २३ संच उरले. म्हणजे ९२ जण जेवले. दोन किलो तांदूळ, एक किलो डाळ आणि दोन किलो कणीक कोरडीच राहिली, कारण ती हप्त्यांनी चढवायची होती. त्यांचे १००, १२५ आणि ८० रुपये, आणि उरलेल्या २३ संचांचे ११५. एकूण ४२० रुपये खर्चातून वजा होतात. राहिले ११,०१५.

ताटाच्या हिशेबात चहा कुणी धरत नाही, पण तो लागतोच. शंभर कपांना पाच लिटर दूध, पाव किलो चहापत्ती आणि दीड किलो साखर लागते, म्हणजे सुमारे ४७५ रुपये. शंभर माणसांचा आधीचा अंदाज चहासकट ११९ रुपयांवर आला असता. प्रत्यक्षात ११,४९० रुपये ९२ जणांत भागले तर ताट १२५ ला पडलं. फरक सहा रुपयांचा, आणि तो सगळा न आलेल्या आठ माणसांमुळे. तांदूळ, डाळ आणि कणीक हप्त्यांत चढवली नसती, तर तोच फरक नऊच्या जवळ गेला असता.